फटीतला कवडसा: शॉर्टफिल्ममध्ये एक प्रतीक प्रसंगागणिक कसं वाढतं

हल्ली आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक वाडीत एखादा तरी शॉर्टफिल्म करणारा पोरगा भेटतो. हातात फोन आहे, समोर समुद्र आहे, आणि सांगायला भरपूर आहे: बंद घरं, मुंबईला गेलेली माणसं, खाडीत येणारा कचरा. फिल्म तयार होते, स्पर्धेला जाते आणि परत येताना एकच शेरा घेऊन येते, ‘विषय चांगला, पण संदेश अंगावर येतो.’ मग कुणीतरी सल्ला देतं, ‘अरे, थेट बोलू नको, प्रतीक वापर.’ म्हणजे नक्की काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

मीही हा शेरा खाल्ला आहे. आमच्या पहिल्या फिल्ममध्ये प्लास्टिकच्या कचऱ्यात अडकलेलं एक कासव होतं. बारा मिनिटांत ते अकरा वेळा दिसायचं आणि शेवटी गावातले मास्तर समुद्राकडे बघत दोन मिनिटं बोलायचे. प्रतीक होतं, तरी भाषण टळलं नाही. दुसऱ्या फिल्मच्या वेळी आम्ही एकच वस्तू धरली आणि ती कुठे, कशी, कुणाच्या हाती दिसते याची कागदावर नोंद ठेवली. हा लेख त्या नोंदीबद्दल आहे.

प्रतीक म्हणजे काय, आणि मोटिफ म्हणजे काय?

प्रतीक म्हणजे अशी वस्तू जी स्वतःखेरीज आणखी कशाबद्दल तरी बोलते. रिकामी होडी दिसली की माणूस आठवतो, तसं. तीच वस्तू कथेत पुन्हा पुन्हा येऊ लागली की तिला मोटिफ म्हणतात. शब्द परका असला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. भजनात ध्रुवपद असतं ना, तेच हे. प्रत्येक चरणानंतर बुवा त्याच ओळीवर परत येतात. शब्द एकाही अक्षराने बदलत नाहीत, पण पहिल्या चरणानंतरची ती ओळ आणि शेवटच्या चरणानंतरची तीच ओळ ऐकताना मनात वेगळी उतरते. मधल्या चरणांनी तिच्यात भर घातलेली असते.

आमच्या कासवाचं इथेच चुकलं होतं. आम्ही ध्रुवपद अकरा वेळा म्हटलं, पण मध्ये चरणच नव्हते. कासव पहिल्यांदा दिसलं तेव्हा बिचारं होतं आणि अकराव्यांदा दिसलं तेव्हाही तितकंच बिचारं होतं.

अर्थ वस्तूत नसतो, शेजारात असतो

1920 च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचं एकच चित्रण त्याने वेगवेगळ्या दृश्यांना जोडलं, एकदा जेवणाच्या थाळीला, एकदा शवपेटीला. चेहरा तोच, पण बघणाऱ्यांना कधी त्यात भूक दिसली, कधी दुःख. संकलनाच्या शाळेत हा पहिला धडा असतो.

प्रतीकालाही हाच नियम लागू आहे. छपरावरचं कौल म्हणजे नुसतं मातीचं कौल. त्याच्या आधी काय दिसलं, नंतर काय दिसलं आणि ते कुणी हातात घेतलं, यावरून प्रेक्षक अर्थ लावतो. म्हणून ‘आपलं प्रतीक कोणतं?’ एवढं विचारून भागत नाही. प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी काय आहे, हेही विचारावं लागतं.

आमची गोष्ट

फिल्म चौदा मिनिटांची, प्रसंग नऊ. मालवण तालुक्यातल्या एका वाडीत जुनं कौलारू घर. तिथे एक आत्या एकटी राहते. तिने भावांच्या नावे हक्कसोड कधीच करून दिली आहे, म्हणजे कागदावर घर आता मुंबईच्या पुतण्याचं आहे. तो मे महिन्यात घर विकायच्या तयारीने येतो.

फिल्मचा विषय आम्ही वाक्यात लिहिला नाही, प्रश्नात लिहिला: घर कुणाचं, ज्याच्या नावावर कागद आहे त्याचं, की जी दरवर्षी ते शाकारून घेते तिचं? हे मुद्दाम केलं. विषय विधान म्हणून लिहिला की प्रत्येक प्रसंग त्या विधानाचा पुरावा व्हायला लागतो, आणि प्रेक्षकाला आपण कोर्टात बसल्यासारखं वाटतं. प्रश्न लिहिला की प्रतीकाला दोन्ही बाजूंनी फिरायला जागा राहते.

प्रतीक कोणतं? पहिल्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, कौल. लगेच सगळे खूश, कारण आपल्याकडे कौल म्हणजे छपराचं कौल आणि कौल म्हणजे देवळात लावतात तो देवाचा कौलही. आत्या देवळात कौल लावायला जाते असा प्रसंगही लिहून झाला. तो आठवड्याभराने कापला. शब्दातला श्लेष कॅमेऱ्याला दिसत नाही. पडद्यावर देवासमोर चिकटवलेल्या पाकळ्या दिसणार आणि छपरावर भाजलेली माती दिसणार. दोन्हींचं नाव एक आहे हे पात्राने बोलून दाखवलं तरच ते जुळणार. बोलून दाखवायचं नव्हतं, म्हणून तर ही सगळी धडपड.

मग त्याच कौलाकडे घराच्या आतून पाहिलं. माजघरावरच्या एका कौलाला बोटभर फट आहे आणि तिच्यातून दुपारी जमिनीवर कवडसा पडतो. तो आमचं प्रतीक झाला, कारण त्या घरात त्याला रोजचं काम होतं. जुन्या माजघरात दिवसाही काळोख असतो. आत्या त्या उजेडात तांदूळ निवडते. फट तिने मुद्दाम ठेवलेली आहे. मिरग लागायच्या आधी घर शाकारून घेताना ती बुजवते आणि दिवाळी झाली की पुन्हा उघडते.

नोंदीचा कागद कसा केला

एक मोठा कागद घेतला, प्रत्येक प्रसंगाला एक आडवी ओळ. ओळीत चार गोष्टी लिहायच्या: फट किंवा कवडसा दिसतो का, त्याचं या प्रसंगात काम काय, कोण त्याच्याशी कसं वागतं, आणि मागच्या वेळेपेक्षा काय बदललं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो भरता आला नाही तर त्या प्रसंगात कवडसा येता कामा नये.

पहिल्या प्रसंगात आत्या कवडशात सूप धरून खडे वेचते आहे. कवडसा सरकतो तशी ती न बघता सूप इंचभर सरकवते. इथे कवडसा फक्त दिवा आहे. प्रेक्षकाला यात अर्थ शोधायचं कारण नाही, आणि तसंच हवं. दुसऱ्या प्रसंगात पुतण्या एसटीतून उतरतो, तिथे कवडसा नाही. तिसऱ्यात दुपारी तो माजघरात आडवा झालाय आणि तोच कवडसा त्याच्या डोळ्यावर येतो. तो वैतागून तोंडावर पेपर घेतो. वस्तू तीच, पण एकाला सोय आणि दुसऱ्याला त्रास. चौथा रकाना भरला.

यानंतर तीन प्रसंग कवडसा पूर्ण गायब. एजंट घर बघून जातो, रात्री जेवताना विक्रीचा विषय निघतो, मग छपरावर माकडं उड्या मारतात आणि कौल सरकल्याचा आवाज येतो. फक्त आवाज. कागदावरच्या या रिकाम्या ओळी आम्ही जपल्या. माणूस विसरायला थोडा वेळ लागतो, आणि विसरल्याशिवाय ‘अरे, हे तेच’ असं आठवत नाही.

सातव्या प्रसंगात रात्री वळवाचा पाऊस. यंदा शिडी धरायला माणूस न मिळाल्याने शाकारणी राहिली आहे. वीज गेलेली. आत्या अंधारात उठते, घमेलं घेते आणि दिवा न लावता जमिनीवर एका जागी ठेवते. पहिला थेंब घमेल्याच्या मधोमध वाजतो. पुतण्या फोनची टॉर्च लावतो, तेव्हा त्याला सारवलेल्या जमिनीवर घमेल्याच्या बुडाचा जुना, गोल ठसा दिसतो. कोणी काही बोलत नाही. आठव्यात सकाळी तो शिडी शोधतो. नवव्यात तो शिडीवर चढून ते कौल काढतो, थांबतो आणि खाली हाक देतो, ‘आते, काचेचा कौल आसा काय गे?’ ती म्हणते, ‘पडवेत आसा.’ शेवटी कवडशाच्या जागी काचेच्या कौलाचा चौकोनी उजेड जमिनीवर पडतो आणि त्यात सूप येतं. घर विकलं जातं की नाही, हे फिल्म सांगत नाही.

कागद उभा वाचला तर कवडसा आधी दिवा, मग त्रास, मग गळती, आणि शेवटी पुतण्याने केलेली निवड आहे. साधं कौल बसवलं असतं तर गळती थांबली असती. त्याने काचेचं मागितलं, म्हणजे तांदूळ कुठे निवडतात ते त्याने पाहिलं होतं. फिल्मला जे म्हणायचंय ते या एका मागणीत आहे, आणि ती मागणी छपराबद्दल आहे.

कवडसा खरा वागतो का, हे आधी बघावं लागतं

इथे आम्ही जवळजवळ फसलो होतो. पाऊस फटीतून सरळ खाली पडतो, पण ऊन तिरकं येतं. छप्पर बारा फुटांवर असेल तर डिसेंबरात दुपारचा कवडसा आणि थेंब यांच्या जागा नऊ-दहा फुटांनी वेगळ्या असतात. तसं असतं तर आत्याचं घमेलं आणि तिचं सूप एका जागी आले नसते आणि सातवा प्रसंग लंगडा पडला असता. वाचलो ते शूटिंगच्या महिन्यामुळे. मालवणच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्या काही दिवसांत भर दुपारचा कवडसा फटीच्या बरोबर खाली पडतो. थेंबही तिथेच.

दुसरी अडचण वेगाची. त्याच उंचीवरून मे महिन्यात मध्यान्हीला कवडसा मिनिटाला साधारण दीड सेंटिमीटर सरकतो. पाच मिनिटं लाइट लावण्यात गेली की तो सुपाच्या मधून सात-आठ सेंटिमीटर काठाकडे सरकलेला असतो. एकाच प्रसंगाचे दोन शॉट जोडले की कवडसा उडी मारतो, आणि प्रेक्षकाचं लक्ष नेमकं चुकीच्या कारणाने तिकडे जातं. म्हणून रुंद शॉट एकाच दमात घेतला आणि जवळच्या शॉटसाठी छपरावर एक मुलगा आरसा घेऊन बसवला. जमिनीवर खडूची बारीक खूण होती. कवडसा खुणेवरून ढळला की खालून हाक जायची. माजघरात थोडा धूप फिरवला की उजेडाची तिरीप दिसते. जास्त फिरवला तर देऊळ वाटतं. फटीचाही हिशेब आहे. अगदी बारीक फटीतून येणारा कवडसा फटीचा आकार न घेता गोल पडतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. आम्हाला जमिनीवर लिंबाएवढा गोल हवा होता, म्हणून फट थोडी बुजवून घेतली. तो गोल आणि पुढे घमेल्याचा गोल ठसा डोळ्यांना आपोआप जुळतात.

कौलांचीही नोंद ठेवावी लागली. शूटिंग प्रसंगांच्या क्रमाने होत नाही. आम्ही शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी घेतला. म्हणून एकाच घाटाची जुनी, शेवाळलेली चार कौलं आणली आणि मागच्या बाजूला खडूने ‘फट’, ‘सरकलेलं’, ‘काढलेलं’ असं लिहून ठेवलं. रोज संध्याकाळी फोटो काढायचे. हे काम कंटाळवाणं आहे, पण फटीची बाजू एका शॉटमध्ये डावी आणि दुसऱ्यात उजवी झाली की प्रतीकावरचा विश्वास उडतो.

आम्ही काय कापलं

रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा जोड, सतरा मिनिटांचा होता आणि त्यात कवडसा आठ ठिकाणी होता. पाचव्या प्रसंगात पुतण्या जुनं हक्कसोड पत्र वाचतो आणि कवडसा नेमका आत्याच्या अंगठ्यावर पडतो, असा एक शॉट होता. सुंदर होता. कॅमेरावाल्याने त्यासाठी दोन दुपारी घालवल्या होत्या. पण तो प्रसंग रात्रीच्या जेवणानंतरचा, म्हणून पहाट दाखवून खोटी जुळवाजुळव करावी लागली होती. आणि वेळेचं गणित जमलं असतं तरी तो शॉट जायलाच हवा होता. तिथे कवडशाला काम नव्हतं. अंगठ्याकडे बोट दाखवणं एवढंच तो करत होता.

यातून एक साधी परीक्षा हाती लागली. प्रसंगातून प्रतीक काढून टाकायचं आणि बघायचं, पात्रांची काही अडचण होते का? पहिल्या प्रसंगातून कवडसा काढला तर आत्याला तांदूळ दिसणार नाहीत. सातव्यातून गळती काढली तर तिला उठायचं कारण नाही. अंगठ्यावरचा कवडसा काढला तर कुणाचंच काही अडत नाही, फक्त दिग्दर्शकाचं अडतं.

आत्याचं एक वाक्यही गेलं. रात्री ती म्हणायची, ‘नाव लावल्यान घर आपला होणा नाय रे.’ वाचायला छान. पण ते पाचव्या प्रसंगात आलं की सातव्या प्रसंगाला काही शिल्लक राहत नव्हतं. घमेलं ठेवल्यावर प्रेक्षक म्हणणार, हो, मघाशी सांगितलंच की. त्या जागी आता ती पुतण्याच्या पानात भात वाढते आणि विचारते, पाऊस कधीचा सांगितलाय. वाक्य कापायला मला स्वतःला फार जड गेलं, कारण ते मीच लिहिलं होतं.

पण प्रेक्षकांना कळलंच नाही तर?

ही भीती खरी आहे, आणि भाषण याच भीतीतून येतं. उपाय असा की गोष्ट प्रतीकाशिवायही पूर्ण कळली पाहिजे. पुतण्या घर विकायला आला, पाऊस पडला, घर गळलं, त्याने कौल बसवलं. एवढं प्रत्येकाला कळतं आणि एवढ्यावरही फिल्म उभी राहते. ज्याला कवडसा लक्षात राहिला त्याला जास्त मिळतं, ज्याला नाही राहिला तो रस्ता चुकत नाही.

कळतंय का हे तपासायचं असेल तर ‘कवडशाचा अर्थ कळला का?’ असं विचारू नये. परीक्षेचा प्रश्न आला की माणूस परीक्षेचंच उत्तर देतो. आम्ही आधी आवाज बंद करून फिल्म दाखवली आणि नंतर विचारलं, ‘पुतण्याने काचेचं कौल का बसवलं?’ पहिल्या खेपेला सात जणांपैकी चौघांनी खांदे उडवले. कारण शोधलं तर पहिल्या प्रसंगात सूप सरकवण्याचा शॉट दोनच सेकंदांचा होता. ती हालचाल डोळ्यात भरायच्या आत कट पडत होता. तो सहा सेकंदांचा केला, बाकी कशालाही हात लावला नाही. दुसऱ्या खेपेला नव्या सहा जणांपैकी पाचांनी सांगितलं, ‘तिला तांदूळ निवडायला.’ पुष्कळदा अडचण शेवटच्या प्रसंगात जाणवते आणि तिचं मूळ पहिल्यात असतं.

सरळ सांगितलं तर काय बिघडतं?

काही वेळा काहीच बिघडत नाही. मच्छीमारांना वादळाचा इशारा समजावणारी फिल्म असेल तर बावटा कोणता आणि होडी कधी किनाऱ्याला लावायची, हे ठणठणीत सांगावं. तिथे प्रतीकं खेळवत बसणं चूक आहे. माहिती द्यायची तर सांगायचं. पण प्रश्नाला दोन बाजू असतील आणि पुतण्याचीही काही बाजू असेल, तर सांगून टाकल्याने एक बाजू मुकी होते. आमच्या पुतण्याला मुंबईत कर्ज आहे. तो खलनायक नाही. आत्याचं ते वाक्य ठेवलं असतं तर तो झाला असता.

एवढं आखलं तर सगळं कृत्रिम होत नाही का?

झालं होतं. आठ कवडशांचा रफ कट कृत्रिमच होता. तो कागद प्रतीक वाढवण्यासाठी वापरला की असं होतं. आम्हाला त्याचा खरा उपयोग कापताना झाला, कारण कुठल्या ओळीचा चौथा रकाना रिकामा आहे ते तिथे लगेच दिसतं. आणि जमिनीवरचा घमेल्याचा ठसा तर आमच्या कागदावर नव्हताच. ज्या घरात शूटिंग केलं तिथे तो खरोखर होता. प्रकाशाची जागा शोधताना कॅमेरावाल्याच्या पायाखाली आला. घरमालकिणीला विचारलं तर म्हणाली, दरवर्षी तिथेच गळतं. आम्ही सातवा प्रसंग पुन्हा लिहिला.

शेवटची तपासणी त्याच घराच्या ओटीवर झाली, भिंतीवर चादर लावून. घरमालकीण आणि शेजारच्या तीन बायका बसल्या होत्या. फिल्म संपल्यावर मी कवडशाचं नाव न काढता विचारलं, कशी वाटली? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांतली एक आजी म्हणाली, ‘काचेचा कौल घातल्यान खरा, पण थयसर माकडां उडतत. फुटतला ता. तेका सांगा, वरती जाळी घाल म्हणून.’

शेवटचा शॉट तेव्हा आठ सेकंदांचा होता. त्या रात्री तो आम्ही आणखी चार सेकंदांनी वाढवला, आणि अगदी शेवटी, चौकोनी उजेडात सूप हलत असताना, छपरावर एकदाच खडखड ऐकू येते.